‘नाही हो’ म्हणजे हो की नाही?

ऐंशी घरांची एक सोसायटी. वार्षिक स्नेहभोजन रविवारी, आणि केटररला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडा हवा. सचिवबाईंनी आठवडाभर आधीच ऑनलाइन फॉर्म फिरवला होता: ‘रविवारी स्नेहभोजनाला येणार का?’ खाली उत्तरासाठी रिकामी चौकट. चौसष्ट घरांकडून फॉर्म आले, आपोआप शीटमध्ये पडले. शुक्रवारी बाईंनी शीट उघडली आणि मोजणीचा साधा फॉर्म्युला टाकला:

```
=COUNTIF(B2:B65,"yes")
```

उत्तर आले १७. बाई चपापल्या. लिफ्टमध्ये भेटलेला जो तो ‘येतोय ना’ म्हणत होता, मग सतराच कसे? शेजारच्या काकांना वाटले आपणही मदत करावी. त्यांनी उलट बाजूने मोजले, म्हणजे `"<>yes"`, ‘yes नाही ते सगळे’. आकडा आला ४७. ‘सत्तेचाळीस घरे येणार नाहीत म्हणतायत,’ काका म्हणाले, ‘कार्यक्रम रद्दच करा.’

ही सोसायटी आणि तिचे आकडे समजण्यापुरते रचलेले आहेत, पण अशी शीट ज्याने कधी हाताळली आहे त्याला त्यातली एकूण एक ओळ ओळखीची वाटेल. काकांचा निष्कर्ष मात्र बाईंच्या सतरापेक्षा जास्त घातक. सतरा हा आकडा पाहताक्षणी खोटा वाटतो, म्हणून माणूस परत तपासतो. ‘yes नाही ते सगळे’ या निकषात मात्र ज्यांनी ‘हो’ लिहिले, ज्यांनी ‘ok’ लिहिले, ज्यांनी अंगठा दाखवला आणि ज्यांनी चौकट कोरीच सोडली, ते सगळे मुकाट्याने ‘न येणाऱ्यां’त जाऊन बसतात. कुठे लाल अक्षर उमटत नाही, कुठे चूक झाल्याचा इशारा मिळत नाही.

निकष म्हणजे संगणकापुरती अक्षरांची जुळवाजुळव. ‘yes’ असे विचारले की तो प्रत्येक कप्प्यात तीच तीन अक्षरे आहेत का, एवढेच पाहतो. लहान-मोठ्या लिपीचा फरक `COUNTIF` मानत नाही, त्यामुळे ‘Yes’ आणि ‘YES’ सुटत नाहीत. पण ‘हो’ हा त्याच्या लेखी ‘yes’चा कोणीही लागत नाही. म्हणून निकष लावण्याआधी मध्ये एक पायरी घालावी लागते: लोकांनी जे काही लिहिले आहे ते आधी ठरलेल्या चार-दोन मूल्यांत बसवायचे, आणि मग मोजणी, गाळणी, जे काय करायचे ते त्या मूल्यांवर. आकडेवारीचे काम करणारे याला मॅपिंग म्हणतात. सर्वेक्षणवाल्यांच्या जुन्या भाषेत हेच कोडिंग.

बाईंच्या शीटवर ती पायरी कशी चढायची, ते पाहू.

सुरुवात धुलाईपासून. मोबाइलवर शब्द टाइप करताना कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की त्यामागे एक जागा आपोआप सुटते. चौकटीत ती दिसत नाही, पण ‘yes’ आणि ‘yes’च्या मागे एक जागा, हे संगणकाला दोन वेगळे शब्द. बाईंच्या शीटमध्ये असे सहा जण होते. `TRIM` हे फंक्शन मागचीपुढची जागा काढते, पण साधी जागाच. वेब पानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी जागा येते, जिचा क्रमांक १६० आहे. तिला `TRIM` हात लावत नाही. म्हणून आधी तिची साधी जागा करून घ्यायची:

```
=LOWER(TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," ")))
```

हे `C` रकान्यात. मूळ `B` रकान्याला बोट लावायचे नाही. घाईत अनेक जण ‘शोधा आणि बदला’ वापरून मूळ उत्तरांवरच रंग फासतात. मग दोन दिवसांनी कोणी ‘मी असं कधी म्हटलं?’ असे विचारले, की दाखवायला पुरावा उरत नाही.

धुतल्यानंतर वेगवेगळी उत्तरे किती आणि प्रत्येक किती वेळा आले, याची यादी काढायची. पिव्होट टेबलने हे मिनिटभरात होते. बाईंची यादी अशी निघाली: ‘yes’ तेवीस, ‘हो’ अकरा, ‘ok’ सहा, ‘येतो’ चार, ‘होय’ तीन, ‘नाही’ तीन, नुसता अंगठा तीन, ‘yeah’ दोन, ‘no’ दोन. उरलेली एकेकटी: ‘हो ना’, ‘नाही हो’, ‘no problem’, ‘बघू’, ‘हो पण उशीर होईल’, ‘ok, कळवते’ आणि एक कोरी चौकट. बेरीज चौसष्ट. चौसष्ट ओळी वाचून जे कळत नाही ते या सोळा ओळींत कळते. शंभरांऐवजी हजारो उत्तरे असली तरी वेगळ्या उत्तरांची यादी त्या प्रमाणात लांबत नाही, कारण बहुतेक माणसे तेच पाच-सात शब्द लिहितात. लांब शेपूट असते ती एकेकट्यांची, आणि डोके खाते तीच.

आता या यादीसमोर दुसरा रकाना: प्रत्येक उत्तराचे ठरलेले मूल्य. इथे पहिला मोह होतो तो दोनच मूल्ये ठेवण्याचा, ‘येणार’ आणि ‘नाही’. तो टाळायचा. बाईंनी चार ठेवली: ‘येणार’, ‘नाही’, ‘तपासा’ आणि ‘रिकामे’. ‘रिकामे’ वेगळे, कारण उत्तर न देणे म्हणजे नकार नव्हे. त्या घराने कदाचित फक्त फ्लॅट नंबर भरून बटण दाबले असेल. आणि ‘तपासा’ वेगळे, कारण काही उत्तरे वाचून माणसालाही खात्री देता येत नाही.

त्यातले सगळ्यात अवघड ‘ok’. ‘येणार का?’ या प्रश्नाला ‘ok’ हे उत्तर व्याकरणाने बसतच नाही, तरी सहा जणांनी ते दिले. व्हॉट्सअॅपच्या सवयीने ‘ok’ म्हणजे ‘वाचलं’, ‘कळलं’, ‘येतो’ यांपैकी काहीही. नुसत्या अंगठ्याचेही तेच. शिवाय अंगठ्याची एक गंमत: पिवळा अंगठा हे एक चिन्ह असते, तर सावळा किंवा गोरा अंगठा म्हणजे त्याच चिन्हामागे रंगाचे दुसरे चिन्ह जोडलेले. त्यामुळे डोळ्यांना तीन अंगठे दिसत असले तरी साठवणीत ते वेगवेगळे असू शकतात आणि तक्त्यात प्रत्येकाला आपली ओळ लागते.

बाईंनी सहा ‘ok’, तीन अंगठे, ‘no problem’, ‘बघू’ आणि ‘ok, कळवते’ अशी बारा घरे ‘तपासा’मध्ये टाकली. ‘येणार’मध्ये खात्रीची पंचेचाळीस बसली, ‘नाही’मध्ये सहा, रिकामे एक. हा तक्ता `Map` नावाच्या वेगळ्या पानावर ठेवून `D` रकान्यात फॉर्म्युला ओढला:

```
=IF(C2="","रिकामे",XLOOKUP(C2,Map!A:A,Map!B:B,"तपासा"))
```

शेवटचा ‘तपासा’ महत्त्वाचा आहे. तक्त्यात नसलेले उत्तर आले तर ते ‘नाही’त ढकलले जाऊ नये, अडवून दाखवले जावे.

इथे एक बारीक खड्डा आहे आणि जाणकारही त्यात पाय घालतात. पूर्वीपासून सवयीचे `VLOOKUP` वापरले तर ते शोधायच्या शब्दातल्या प्रश्नचिन्हाला ‘इथे कोणतेही एक अक्षर’ असे समजते, आणि तारांकनाला ‘इथे काहीही’. म्हणजे कोणी शंकेने ‘ok?’ लिहिले आणि तक्त्यात ‘ok.’ अशी पूर्णविरामाची ओळ असली, तर ते त्याला जुळवून मोकळे होते. विचारणाऱ्याला परस्पर होकार देऊन टाकला जातो. `XLOOKUP` सांगितल्याशिवाय असे करत नाही.

तक्ता बनवायचा कंटाळा येणारे दुसरी युक्ती काढतात: ज्या उत्तरात कुठेही ‘हो’ येते ते होकारार्थी. इंग्रजीत हे थोडेफार खपून जाईल. मराठीत मात्र हा डाव पहिल्याच फेरीत फसतो. ‘नाही हो, गावाला चाललोय’ यात ‘हो’ आहे, पण तो होकार नाही. नकाराची धार बोथट करणारा तो लाडिक ‘हो’ आहे. ‘जमणार नाही हो’, ‘कसलं काय हो’, ‘कुठं होतंय आता’ ही सगळी ‘हो’ बाळगणारी पण न येणारी मंडळी.

‘ना’चे त्याहून वाईट. एकटा ‘ना’ म्हणजे नकार, ‘हो ना’ म्हणजे ठाम होकार, आणि ‘येणार ना’ लिहिणारा होकार देतो आहे की उलट विचारतो आहे, हे त्याच्या स्वरावर ठरते, जो शीटमध्ये येत नाही. ‘ना’ असलेले सगळे नकारार्थी धरावे, तर ‘नाश्ता पण आहे का? मग हो’ हेही त्यात सापडते. म्हणून आख्खे उत्तर जसेच्या तसे तक्त्यात ठेवून त्यासमोर माणसाने निर्णय लिहिणे, हा जुनाट वाटणारा मार्गच टिकतो.

शिवाय बोली आहेत. नागपूरकडचा माणूस ‘हाव’ म्हणतो, कोल्हापूरकडचा ‘व्हय’. ‘चालेल’, ‘चालतंय की’, ‘बरं’, ‘हां’, ‘जमवतो’ ही सगळी कमी-जास्त वजनाची होकाराची रूपे. ‘जमवतो’ला ‘येणार’मध्ये टाकायचे की ‘तपासा’मध्ये, हा निर्णय संगणकाचा नाहीच. तो तक्ता करणाऱ्याचा, आणि त्याने तो तक्त्यात लिहून ठेवला की बाकीच्यांना भांडायला निदान एक ठिकाण मिळते.

फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न होता: ‘मुलांना खेळांत भाग घेऊ द्यायला तुमची हरकत नाही ना?’ इथे बाईंनी तोच तक्ता लावला असता तर घोटाळा झाला असता. या प्रश्नाला कोणी ‘नाही’ लिहितो, म्हणजे हरकत नाही. कोणी ‘हो’ लिहितो, म्हणजे हो, हरकत नाही. कोणी ‘ok’ लिहितो, तेही हरकत नाहीच. मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटले की बरेचदा त्या नकारालाच दुजोरा मिळतो: ‘तू येणार नाहीस?’ ‘हो, नाही येणार.’ पण ‘नाही’ म्हणणाराही तेच सांगत असतो. एकाच रकान्यात ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही एकाच मूल्याकडे जाऊ शकतात. खरोखर हरकत असलेला माणूस तीनचार शब्द जास्त लिहितो, ‘माझ्या मुलाला दमा आहे’ असे काहीतरी. म्हणजे तक्ता प्रश्नागणिक वेगळा. सगळ्या रकान्यांना एकच ‘होकार-नकार’ यादी लावणे ही या कामातली बहुधा सर्वात जास्त वेळा होणारी चूक असावी, आणि ती शीट पाहून कळत नाही, प्रश्न पुन्हा वाचल्यावरच कळते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ‘येणार’ आणि ‘नाही’ असे दोन गोल देऊन टाकायचे, लोक एकावर टिचकी मारतील. बरोबर आहे, पुढच्या वर्षी बाई तेच करतील. पण फोनवरून नोंदवलेली, वहीत लिहिलेली, ग्रुपवर आलेली उत्तरे गोल पाहून येत नाहीत. आणि काही प्रश्नांना आधी गोल देताच येत नाहीत, कारण उत्तरे कोणती येणार हेच माहीत नसते.

भारताच्या जनगणनेतला मातृभाषेचा प्रश्न असा आहे. प्रगणक दारात उभा राहून विचारतो आणि घरचे जे नाव सांगतील ते लिहून घेतो. २०११च्या जनगणनेत अशी तब्बल १९,५६९ वेगवेगळी नावे जमली. त्यांत एकाच भाषेची निरनिराळी स्पेलिंगे होती, गावांची, जातींची, पोटबोलींची नावे होती. भाषातज्ज्ञांनी ती छाननी करून १,३६९ मातृभाषांमध्ये बसवली. १,४७४ नावे कशातच बसली नाहीत, ती ‘अवर्गीकृत’ म्हणून वेगळी ठेवली. मग त्या मातृभाषा भाषांखाली गटवल्या आणि दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषांचे तक्ते प्रसिद्ध झाले. पुढचे निकष, म्हणजे कोणती भाषा किती जण बोलतात, किती टक्के, कोणत्या जिल्ह्यात, हे सगळे या गटवणीनंतरचे आहेत.

आणि गटवणी हा निर्णय असतो, हे इथे लख्ख दिसते. ज्याने ‘मालवणी’ सांगितले त्याची मोजणी मराठीत होत नाही, कोकणीखाली होते. अहिराणी खानदेशीखाली जाते, भोजपुरी हिंदीखाली. यांतल्या एकेका ओळीवर साहित्य संमेलनात दिवसभर वाद घालता येईल. बाईंच्या ‘ok’चा आणि मालवणीचा प्रश्न जातकुळीने एकच आहे, फक्त ‘ok’वर अजून कोणी परिसंवाद भरवलेला नाही. जनगणनेची जमेची बाजू ही की, १,४७४ नावांचा डबा उघडपणे ‘अवर्गीकृत’ असा दाखवला आहे. ती नावे कुठल्या तरी मोठ्या भाषेत मिसळून टाकली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

कधी कधी हे मॅपिंग आपण न सांगता सॉफ्टवेअर परस्पर करून टाकते. प्रोग्रामच्या सेटिंग लिहायला वापरल्या जाणाऱ्या ‘यॅमल’ या लिखाणपद्धतीचे उदाहरण प्रोग्रामरांमध्ये प्रसिद्ध आहे. २००५च्या तिच्या १.१ आवृत्तीत माणसांच्या सोयीसाठी ठरवले गेले की अवतरणचिन्हांशिवाय `yes`, `no`, `on`, `off` लिहिले तर त्याचा अर्थ खरे किंवा खोटे असा घ्यायचा. हेतू चांगला. मग कोणीतरी देशांच्या दोन अक्षरी संकेतांची यादी लिहिली:

```
countries:
  - IN
  - SE
  - NO
```

भारत, स्वीडन, नॉर्वे. वाचताना तिसऱ्या ओळीचा देश राहिला नाही, `false` झाला. या घोळाला ‘नॉर्वे प्रॉब्लेम’ असेच नाव पडले. २००९च्या १.२ आवृत्तीने ही यादी छाटून `true` आणि `false`पुरती आणली, पण जुन्या पद्धतीने वाचणारे प्रोग्राम पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. तोडगा साधा, `"NO"` असे अवतरणात लिहायचे. पण त्यासाठी आधी कळायला हवे की मधल्या मध्ये कोणीतरी भाषांतर करते आहे.

पायथॉन भाषेत नवशिके दुसऱ्या टोकाला फसतात. `bool("no")` लिहिले की उत्तर `True` येते, कारण त्या फंक्शनला ‘no’चा अर्थ माहीत नाही, मजकूर रिकामा नाही एवढेच ते पाहते. याच भाषेत बरीच वर्षे `strtobool` नावाचे एक छोटे फंक्शन होते. त्याच्याकडे नेमकी यादी होती: `y`, `yes`, `t`, `true`, `on`, `1` हे होकार, `n`, `no`, `f`, `false`, `off`, `0` हे नकार. ‘yeah’ दिले की ते चक्क चूक दाखवून थांबायचे. ‘ok’चेही तेच. पोस्टग्रेस हा डेटाबेसही खरे-खोटेच्या रकान्यात ‘yes’ घेतो, मागेपुढे जागा असली तरी चालवून घेतो, पण ‘ok’ला दारातूनच परत पाठवतो. प्रथमदर्शनी हा आडमुठेपणा वाटतो. वास्तविक बाईंच्या ‘तपासा’चे हे संगणकी रूप: कळत नसेल तर अंदाज नको, थांब आणि विचार.

तर शुक्रवारी संध्याकाळी सचिवबाईंनी बारा घरांना फोन लावले. ‘ok’ आणि अंगठेवाल्या नऊपैकी सहा येणार होते. तिघांनी फक्त मेसेज वाचल्याची पोच दिली होती, आणि त्यांतल्या एकाने उलट विचारले, ‘अहो, ते उत्तर होतं होय? मी आपलं सगळ्यांनाच ओके पाठवतो.’ ‘no problem’वाल्या घराला येण्यात खरेच प्रॉब्लेम नव्हता. ‘बघू’ आणि ‘कळवते’ हे अपेक्षेप्रमाणे नकार निघाले. कोणाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. बाईंनी ही बारा उत्तरे तक्त्यात घातली नाहीत, कारण एका घराच्या ‘ok’चा अर्थ दुसऱ्या घराला लागू होत नाही. त्यांनी `E` रकान्यात घराघरापुढे फोननंतरचा निर्णय लिहिला आणि शेवटची मोजणी `E` भरला असेल तर त्यावर, नसेल तर `D`वर केली. येणारी घरे बावन्न, न येणारी अकरा, रिकामे एक. त्या एका घरी वॉचमनला पाठवले, तर कुलूप होते.

केटररला आकडा देऊन झाल्यावर साडेनऊ वाजता पासष्टावी ओळ पडली. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या आजोबांनी नातवाकडून फॉर्म भरून घेतला होता. उत्तर एकच शब्द: ‘हाव’. `D` रकान्यात ‘तपासा’ उमटले. बाईंनी `Map` पानावर खाली एक ओळ वाढवली आणि केटररला पुन्हा फोन लावला.